दहावीच्या भूमितीच्या पेपरला पाऊचमध्ये काय न्यायचं, काय घरी ठेवायचं आणि पर्यवेक्षक नक्की काय बघतात

दरवर्षी फेब्रुवारी आला की पालकांचे तेच प्रश्न सुरू होतात, मॅडम स्टीलची कंपासपेटी चालते का, जेल पेन चालतं का, पॅड नेऊ द्यायचं का. मी शाळेत गणित शिकवते आणि बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षणाची ड्युटीही करते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्यात. इथे मी महाराष्ट्र बोर्डाचा दहावीचा गणित भाग २, म्हणजे भूमितीचा पेपर धरून सगळं सांगते, कारण सगळ्यात जास्त सामान याच पेपरला लागतं आणि सगळ्यात जास्त गोंधळही याच दिवशी होतो. हा पेपर नीट जमला की बाकीच्यांची तयारी त्यातून चार वस्तू कमी करून होते.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत. पर्यवेक्षक तुमच्या सामानात फक्त तीन गोष्टी शोधत असतो. एक, कुठे काही लिहिलेलं किंवा छापलेलं आहे का. दोन, बाहेरच्या कुणाशी बोलता येईल किंवा आकडेमोड करता येईल असं काही यंत्र आहे का. तीन, उत्तरपत्रिका कुणाची आहे ते तपासणाऱ्याला ओळखू येईल असं काही तुम्ही तिच्यावर करणार आहात का. पेनाच्या रंगापासून खोडरबरच्या कव्हरपर्यंतचे नियम या तीनपैकी कशात ना कशात बसतात. एखादी वस्तू न्यावी की नाही असा प्रश्न पडला तर हे तीन प्रश्न स्वतःला विचारायचे, एकाचं जरी उत्तर "कदाचित हो" आलं तर ती वस्तू घरी.

पहिली पायरी : आदल्या दिवशी कंपासपेटी टेबलावर पालथी करा

खरंच पालथी करा, नुसतं झाकण उघडून बघू नका. वर्षभर शाळेत, क्लासला फिरलेल्या पेटीच्या तळाशी काय काय सापडतं ते बघून तुम्हीच चकित व्हाल. सराव परीक्षेच्या वेळापत्रकाची चिठ्ठी, मैत्रिणीने लिहून दिलेलं सूत्र, वहीचा फाडलेला कोपरा, बसचं तिकीट ज्याच्या मागे कुणीतरी साइन कॉसच्या किमती लिहिल्यात. मुलाला ती चिठ्ठी तिथे आहे हे आठवतही नसतं, पण परीक्षेच्या हॉलमध्ये ती सापडली की "मला माहीत नव्हतं" याचा उपयोग होत नाही, कारण समोरच्याला तुमच्या मनात काय होतं ते दिसत नाही, त्याला चिठ्ठी दिसते.

आता झाकणाची आतली बाजू बघा. बऱ्याच कंपासपेट्यांच्या झाकणात कंपनीनेच एक कागद चिकटवलेला किंवा घातलेला असतो, त्यावर वेळापत्रकाचा तक्ता, पाढे, कधी क्षेत्रफळ घनफळाची सूत्रं छापलेली असतात. ते छापील आहे, दुकानातून तसंच आलंय, म्हणून चालेल असं कृपया समजू नका. काढून टाका. चिकटलेला असेल तर ओल्या फडक्याने भिजवून खरवडा. नाहीच निघाला तर ती पेटी त्या दिवशी नेऊच नका, आतलं सामान पाऊचमध्ये घाला.

पट्टीचंही तेच. काही प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मागच्या बाजूला पाढे किंवा सूत्रं छापलेली मिळतात, ती पट्टी घरी. लाकडी पट्टीवर पेन्सिलने लिहिलेलं उजेडात तिरकं धरलं की दिसतं, तुम्हाला दिसलं तर पर्यवेक्षकालाही दिसणार. स्वच्छ पारदर्शक १५ सेंटिमीटरची पट्टी भूमितीला पुरते, त्या पेपरातल्या आकृत्या त्यात बसतात, ३० ची नेली तरी हरकत नाही पण मग ती पाऊचमध्ये मावत नाही आणि बाकावरून सारखी पडते.

आणि खोडरबर. त्याच्यावरची कागदी पट्टी काढून टाका, ही मी प्रत्येक वर्गात सांगते. त्या पट्टीची आतली बाजू कोरी पांढरी असते आणि चिठ्ठी लपवायची ही इतकी जुनी जागा आहे की ड्युटीवरचा प्रत्येक शिक्षक खोडरबर उचलून पट्टी सरकवून बघतोच. शार्पनर डबीवाला नको, साधा घ्या, नाहीतर डबी उघडून बघणार.

दुसरी पायरी : पाऊच

महाराष्ट्र बोर्डाच्या केंद्रांवर साधी स्टीलची कंपासपेटी सहसा चालते, फक्त ती उघडून बघतात. सीबीएसईच्या सूचनांमध्ये मात्र पारदर्शक पाऊच असा शब्दच आहे, त्याच यादीत कंपासपेटी, निळं किंवा रॉयल ब्लू शाईचं पेन, बॉलपेन, जेल पेन, पट्टी, पॅड, खोडरबर, काट्याचं घड्याळ आणि पारदर्शक पाण्याची बाटली असं सगळं आहे. तरी मी आमच्या बोर्डाच्या मुलांनाही पाऊचच घ्यायला सांगते, कारण पाऊच हातात धरला की दोन सेकंदात तपासून होतो आणि पेटी उघडली की त्यातल्या आठ वस्तू बाकावर सांडतात, पेपरच्या आधीच्या गडबडीत कर्कटकाचा स्क्रू शोधत बाकाखाली जायची वेळ कुणावर येऊ नये.

पारदर्शक म्हणजे आरपार. जाळीचा पाऊच पारदर्शक नाही, निळसर किंवा गुलाबी झाक असलेला नाही, एका बाजूला कार्टून छापलेला तर अजिबात नाही. परीक्षा अशी करा, पाऊच भरा, हात लांब करून धरा आणि घरातल्या कुणाला तरी विचारा आत किती पेनं आहेत. न उघडता मोजता आली तर पाऊच बरोबर. चेनवाला घ्या, बटणाचा नको, कर्कटकाचं टोक बटणाच्या फटीतून बाहेर येतं. आणि टोकाला खोडरबरचा छोटा तुकडा खोचून ठेवा म्हणजे पाऊचही फाटत नाही आणि बोटातही जात नाही.

पाऊचमध्ये हॉल तिकीट घडी करून कोंबू नका. ते वेगळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि त्याच्या मागे पुढे एक अक्षरसुद्धा लिहायचं नाही. मुलं मागच्या बाजूला सहज बाकाचा नंबर किंवा पुढच्या पेपरची तारीख लिहितात, आणि मग तपासणाऱ्याला ते उलटून बघत बसावं लागतं.

तिसरी पायरी : पेन

आमच्याकडे उत्तरं निळ्या किंवा काळ्या शाईने. लाल आणि हिरवी नाही, कारण तपासणारे लाल शाई वापरतात आणि पुढच्या टप्प्यावर नियामकांच्या खुणा वेगळ्या रंगात असतात, तुमचं लिखाण त्या रंगात आलं तर कुठलं तुमचं आणि कुठलं तपासणाऱ्याचं हेच कळेनासं होतं. स्केचपेन, हायलायटर, चमकी पेन यांनी शीर्षकं रंगवायची हौस शाळेच्या वहीत ठीक आहे, बोर्डाच्या पेपरात वेगळा रंग म्हणजे ओळखीची खूण वाटू शकते. अधोरेखित करायचं तर त्याच पेनाने किंवा पेन्सिलने करा.

निळं की काळं, कुठलंही घ्या, पण पूर्ण पेपर एकाच रंगात लिहा. अर्धा निळा अर्धा काळा झाला की पेपर दोन जणांनी लिहिलाय का असा प्रश्न उगाच उभा राहतो. म्हणून एकाच कंपनीची, एकाच रंगाची, दोन तीन पेनं घ्यायची आणि ती सगळी आधी आठवडाभर घरी वापरून सुरू झालेली हवीत. अगदी कोरं पेन अडखळत लिहितं, पहिलं पान खराब होतं. पेनाची नळी पारदर्शक असेल तर उत्तम, शाई किती उरली तेही दिसतं आणि आत काही गुंडाळून ठेवलेलं नाही हेही दिसतं.

जेल पेनबद्दल माझं मत सांगते. नियमाने अडचण नाही, पण उत्तरपत्रिकेच्या कागदावर जाड जेल मागच्या पानावर उमटतं, हाताला घाम असेल तर पसरतं, आणि भूमितीत तर आकृतीवरून पट्टी सरकवताना ओली शाई पट्टीला लागून रेघ ओढली जाते. बॉलपेनच बरं. आणि खोडता येणारं पेन, ज्याची शाई घासल्यावर नाहीशी होते, ते तर कधीच नाही. ती शाई उष्णतेने उडते, साधारण ६० अंशांच्या आसपास रंग जातो, म्हणजे उन्हात उभ्या गाडीत किंवा गरम खोलीत गठ्ठा पडून राहिला तर तुमच्या उत्तरांचं काय होईल याचा विचार करा. व्हाइटनरही नको. चुकलं तर एक तिरकी रेघ मारून पुढे लिहा, खोडलेलं दिसलं म्हणून मार्क कापत नाहीत.

इथेच एक सांगून टाकते, दुसऱ्या परीक्षेची सवय इथे आणू नका आणि इथली तिकडे नेऊ नका. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेची ओएमआर पत्रिका काळ्या बॉलपेननेच भरायची असते. आणि नीटला तर पाऊच, कंपासपेटी, पट्टी, पॅड, खोडरबर, स्वतःचं पेन हे सगळं बंदीच्या यादीत आहे, पेन केंद्रावर देतात. दहावीला जे आठवणीने न्यायचं तेच नीटला गेटवर काढून ठेवावं लागतं. मोठ्या बहिणीने तिच्या परीक्षेत काय केलं त्यावर जाऊ नका, आपल्या हॉल तिकिटावरच्या सूचना वाचा.

चौथी पायरी : कर्कटक, आणि एक रचना करून बघणं

नियमांच्या नादात लोक हे विसरतात की सामान चाललं पाहिजे. भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवरच सूचना असते की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत. म्हणजे कंपासने काढलेले कंस हे उत्तराचाच भाग आहेत, आणि ते नीट यायला कर्कटक घट्ट पाहिजे.

घरी हे करून बघा. कर्कटकात ५ सेंटिमीटर अंतर घ्या आणि एकाच जागी दोन वेळा पूर्ण वर्तुळ फिरवा. रेघ एकच दिसली तर कर्कटक चांगलं. दोन रेघा दिसल्या किंवा वर्तुळ जिथून सुरू झालं तिथे येऊन मिळालंच नाही तर वरचा स्क्रू सैल आहे, छोट्या स्क्रूड्रायव्हरने किंवा नाण्याच्या कडेने आवळा, तरी नाही सुधारलं तर नवीन आणा, आणि नवीन आणलं तर तेही आठवडाभर आधी. पेन्सिल आखूड घाला, लांब पेन्सिल अंगठ्याला अडते, आणि कर्कटक मिटल्यावर सुईचं आणि पेन्सिलचं टोक एका उंचीला आलं पाहिजे. साधी एचबी घ्या, जास्त मऊ पेन्सिलची रेघ हाताने फासली जाते. क्लिकची पेन्सिल आकृतीला छान असते पण बहुतेक कर्कटकांच्या कडीत बसत नाही, म्हणून एक लाकडी हवीच.

आता एक रचना पूर्ण करू. ३.५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ, केंद्रापासून ८ सेंटिमीटरवर एक बिंदू, त्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायच्या. वर्तुळ काढलं, केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडणारा ८ सेंटिमीटरचा रेषाखंड काढला. आता त्याचा मध्यबिंदू हवा. इथे मुलं पट्टी ठेवतात आणि ४ वर टिंब देतात. उत्तर तेच येतं, पण कंस दिसत नाहीत, आणि रचना केली याचा पुरावा कागदावर राहत नाही. म्हणून कर्कटकात ४ पेक्षा जास्त अंतर घ्या, समजा ५, आणि दोन्ही टोकांवरून वर आणि खाली कंस मारून लंबदुभाजक काढा. मध्यबिंदूवर सुई ठेवून ४ सेंटिमीटरचं दुसरं वर्तुळ काढा, ते पहिल्या वर्तुळाला दोन ठिकाणी छेदतं, बाहेरच्या बिंदूपासून त्या दोन छेदनबिंदूंतून जाणाऱ्या रेषा काढल्या की झाल्या स्पर्शिका.

बरोबर आलं का ते पट्टीने तपासता येतं. बाहेरच्या बिंदूपासून छेदनबिंदूपर्यंतची लांबी पायथागोरसने येते, ८ चा वर्ग ६४, त्यातून ३.५ चा वर्ग १२.२५ वजा केला की ५१.७५, त्याचं वर्गमूळ साधारण ७.२. दोन्ही बाजूंना ७.२ च्या आसपास मोजलं गेलं तर तुमचं कर्कटक आणि हात दोन्ही ठीक आहेत. एक बाजू ७ आणि दुसरी ७.५ आली तर बहुतेक वेळा सुई कागदात घसरलेली असते. त्यासाठीच खाली पॅड लागतं, गुळगुळीत बाकावर सुई रुतत नाही. पॅड नेणार असाल तर कोरं, शक्यतो पारदर्शक, ज्याच्यावर वर्षभराची नावं आणि सूत्रं गिरवलेली नाहीत असं. केंद्रावर पॅड चालतं का ते आधी शाळेत विचारून ठेवा, नाही म्हणाले तर उत्तरपत्रिकेची मागची पानं खाली घेऊन काम होतं.

गुण्या आणि कोनमापक दोन्ही ठेवा, समरूप त्रिकोणाच्या रचनेत कोन काढायला लागतात. डिवायडर नेला नाही तरी अडत नाही.

पाचवी पायरी : हॉलमध्ये काय होतं

सकाळच्या ११ च्या पेपरला साडेदहापर्यंत केंद्रावर पोहोचायचं असतं. २०२३ पासून प्रश्नपत्रिका वाचायला आधी मिळणारी दहा मिनिटं काढून ती शेवटी जोडलीत, त्यामुळे दोन तासांचा हा पेपर १ वाजून १० मिनिटांपर्यंत चालतो. बॅग बाहेर राहते, मोबाइल, स्मार्टवॉच, कॅल्क्युलेटर आणूच नका. गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर गणकयंत्र वापरता येणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ज्या दिव्यांग विद्यार्थ्यांना बोर्डाने कॅल्क्युलेटरची किंवा इतर सवलत दिलीय त्यांनी मंजुरीचं पत्र हॉल तिकिटासोबत ठेवावं, ते आयत्या वेळी शोधायची गोष्ट नाही. घड्याळ काट्याचं. पाण्याची बाटली पारदर्शक आणि तिच्यावरचं लेबल काढलेलं.

एका ब्लॉकमध्ये साधारण २५ मुलं असतात. पर्यवेक्षक हॉल तिकिटावरचा फोटो आणि चेहरा बघतो, पाऊच उचलून बघतो, पॅड उलटं करतो, पट्टीच्या दोन्ही बाजू बघतो, कधी बाही आणि तळहात बघतो. यात राग मानायचं काही नाही. तळहातावर सकाळी पेनाने फोन नंबर लिहिला असेल तर आधीच धुऊन या, मेहंदीवर लिहिलेलं दिसत नाही असा समजही चुकीचा आहे. नंतर उत्तरपत्रिकेवर बारकोडचं स्टिकर लागतं, त्याच्यावर किंवा त्याच्या कडेला काही लिहू नका.

हॉलमध्ये बसल्यावर खिशात काही सापडलं, चिठ्ठी, नोट, काहीही, तर प्रश्नपत्रिका वाटायच्या आधी हात वर करा आणि "सर, हे खिशात राहिलंय, बाहेर ठेवायचंय" असं सरळ सांगा. स्वतःहून दिलेला कागद पर्यवेक्षक बाजूला ठेवतो आणि गोष्ट तिथे संपते. तोच कागद अर्ध्या तासाने भरारी पथकाला सापडला तर केंद्रसंचालकांकडे गैरमार्गाचं प्रकरण नोंदवलं जातं, निकाल राखून ठेवला जाऊ शकतो आणि विभागीय मंडळापुढे उत्तर द्यावं लागतं. कागद एकच, फरक फक्त तो कधी आणि कुणी बाहेर काढला याचा.

पेपर सुरू झाल्यावर शेजाऱ्याकडून काही मागायचं नाही आणि द्यायचंही नाही, खोडरबरसुद्धा. पेन संपलं, पट्टी पडली, तर हात वर करून पर्यवेक्षकाला सांगा, तो उचलून देतो किंवा सोय करतो. मैत्रिणीला पट्टी देणं हा चांगुलपणा आहे हे मलाही कळतं, पण हॉलच्या मागून बघणाऱ्याला फक्त एक वस्तू एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलेली दिसते, आणि विचारपूस दोघींची होते.

प्रश्नपत्रिकेवर आसन क्रमांक सोडून काही लिहू नका, बहुपर्यायी प्रश्नाच्या उत्तराला टिक करायचा मोहही नको. कच्चं काम उत्तरपत्रिकेतच. आणि उत्तरपत्रिकेत नाव, शाळेचं नाव, श्री, ओम, स्वस्तिक, "सर कृपया पास करा" यातलं काहीही नको, हे सगळं ओळखीच्या खुणांमध्ये मोडतं. पुरवणी आणि ती बांधायचा दोरा केंद्रावर मिळतो, स्टेपलर घरून न्यायची गरज नाही. बीजगणिताच्या पेपरला आलेख कागदही तिथेच देतात.

घरी राहतात त्या वस्तू आणि दुसऱ्या दिवसाचा पाऊच

भूमितीच्या पाऊचमध्ये शेवटी एवढंच असतं, एका रंगाची तीन बॉलपेनं, टोक काढलेल्या दोन लाकडी पेन्सिली, कर्कटक आणि त्यात बसलेली आखूड पेन्सिल, गुण्या, कोनमापक, पट्टी, उघडं खोडरबर, साधं शार्पनर. पेपर झाला की घरी येऊन पाऊच परत रिकामा करा, कारण मुलं बाहेर आल्यावर उत्तरं जुळवायला कागदावर काहीतरी लिहितात आणि तो कागद त्याच पाऊचमध्ये जातो. भाषेच्या पेपरला कर्कटक काढून ठेवा, विज्ञानाला आकृत्यांसाठी पेन्सिल पट्टी ठेवा.

बारावीच्या मुलांसाठी एकच जोड. भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर लॉगटेबल वापरायची परवानगी लिहिलेली असते, कॅल्क्युलेटरची नाही. लॉगटेबल स्वतःचं न्यायचं की केंद्रावर मिळणार ते कॉलेजमध्ये विचारा, आणि स्वतःचं असेल तर प्रत्येक पान उलटून पेन्सिलच्या खुणा खोडा, शेवटच्या कोऱ्या पानावर वर्षभरात लिहिलेली सूत्रं बहुतेकांच्या पुस्तकात असतात.